बालवाडीचा प्रवेश: वय मोजण्यापासून पहिल्या पंधरवड्यापर्यंत पालकांनी काय करावे

जून २०२७ मध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठी फोंडा तालुक्यातील आमच्या बालवाडीत प्रवेश सुरू झाले आहेत. दरवर्षी आम्ही फाटकावर फलक लावतो आणि त्यावर तीन गोष्टी लिहितो: कोणत्या वयाचे मूल घेतले जाईल, मुले दिवसभर काय करतात आणि पालकांनी भेटायला कधी यावे. फलक वाचून बहुतेक पालक वयाच्या ओळीवर वाद घालतात, उपक्रमांच्या ओळीवरून नजर फिरवतात आणि भेटीची वेळ सोयीप्रमाणे बदलून मागतात. या तीन ओळी एकमेकींवर अवलंबून आहेत. त्या कोणत्या क्रमाने हाताळाव्यात आणि प्रत्येक टप्प्यावर कुठे चूक होते, हे या वर्षी सविस्तर लिहीत आहे. ज्यांना आपल्या गावाजवळच्या दुसऱ्या एखाद्या बालवाडीत मुलाला घालायचे आहे, त्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

आधी वय मोजावे

आमच्याकडे वय १ जून २०२७ या तारखेला मोजले जाईल. पहिल्या वर्षासाठी, म्हणजे पूर्वी ज्याला नर्सरी म्हणत त्या बालवाटिका १ साठी, त्या दिवशी मुलाची तीन वर्षे पूर्ण झालेली असावीत. म्हणजेच त्याचा जन्म २ जून २०२३ ते १ जून २०२४ या काळातला असावा. दुसऱ्या वर्षासाठी चार आणि तिसऱ्यासाठी पाच वर्षे पूर्ण लागतात, परंतु या दोन वर्गांत कुणी गाव सोडून गेले तरच जागा रिकामी होते. शिक्षण संचालनालयाने त्या वर्षासाठी वेगळी तारीख ठरवली, तर तीच आमचीही तारीख राहील.

ही अट शाळेने आपल्या सोयीसाठी घातलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा मानला आहे. त्यातली पहिली तीन वर्षे बालवाडीची आणि पुढची दोन वर्षे पहिली-दुसरीची आहेत. पहिलीत जाताना मूल सहा वर्षांचे असावे हे एकदा ठरले, की बालवाडीचे वय उलटे मोजत आपोआप तीनवर येऊन थांबते. म्हणून वयाचा हिशेब बालवाडीच्या दारापाशी संपवू नये. तो पहिलीच्या दारापर्यंत नेऊन पाहावा.

एक उदाहरण घेऊ. मुलीचा जन्म १४ जून २०२४ चा आहे. १ जून २०२७ रोजी तिचे वय २ वर्षे, ११ महिने आणि १८ दिवस भरते. अवघे तेरा दिवस कमी आहेत आणि मुलगी चुणचुणीत आहे, तेव्हा घ्यायला काय हरकत आहे, असा प्रश्न आईवडिलांना पडणे अगदी स्वाभाविक आहे. आता पुढे मोजत जाऊ. तिला या वर्षी घेतले, तर बालवाडीची तीन वर्षे संपवून ती जून २०३० मध्ये पहिलीच्या दाराशी उभी राहील आणि त्या वेळी तिचे वय ५ वर्षे, ११ महिने, १८ दिवस असेल. ते तेरा दिवस तिथेही तितकेच कमी पडतात. पहिलीचा प्रवेश देणारी शाळा निराळी असते, तिचा हिशेबही तिचाच असतो, आणि बालवाडीने दाखवलेली सवलत तिला बांधील नसते. पुढच्या वर्षी घेतल्यास ती जून २०३१ मध्ये ६ वर्षे, ११ महिने, १८ दिवसांची होऊन पहिलीत जाईल. वर्गात ती मोठ्या मुलींपैकी एक असेल, परंतु तिला कुणी परत पाठवणार नाही.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कुटुंबाच्या आग्रहाखातर मी असेच एक मूल काही आठवडे कमी असताना घेतले. तीन वर्षे सगळे ठीक चालले. नंतर प्राथमिक शाळेने त्याला वयामुळे नाकारले आणि त्याला तिसरे वर्ष पुन्हा काढावे लागले. त्याच्याबरोबरची सगळी मुले नवे दप्तर घेऊन पुढे गेली आणि तो त्याच खोलीत, त्याच चटईवर राहिला. ‘बाई, मी काय चुकलो?’ असे त्याने मला विचारले होते. तेव्हापासून एका दिवसाचीही सवलत आम्ही देत नाही, आणि माझ्या मते कोणत्याही बालवाडीने देऊ नये.

वय कमी पडत असेल, तर ते वर्ष वाया जात नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला घरात बोलणारी माणसे, मोकळे अंगण आणि वेळ यांची गरज वर्गापेक्षा अधिक असते. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी गावातली अंगणवाडी आहेच. मूल तीन वर्षांचे झाले, की ते वर्षाच्या मध्यातही तिथे जाऊ लागते.

जन्मदाखला घरी नीट वाचून मगच आणावा

वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला असून, त्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशाच्या वेळी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा पुरावा ठरतो. यंदाच्या पहिल्या वर्षाच्या तुकडीतली बरीच मुले या तारखेनंतरची आहेत. त्यामुळे आधार कार्डावरून किंवा रुग्णालयाच्या कागदावरून तारीख लिहून घेण्याची जुनी सवय आता उपयोगाची नाही.

दाखला हाती असूनही तीन ठिकाणी अडचण येते. पहिली म्हणजे त्यावर मुलाचे नावच नसते, कारण जन्माची नोंद बारशाच्या आधी झालेली असते. नोंदणीनंतर बारा महिन्यांच्या आत नाव शुल्काशिवाय घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. ज्या कार्यालयात जन्म नोंदवला, तिथेच हे काम होते. दुसरी अडचण आईच्या नावाची असते. दाखल्यावर माहेरचे नाव आणि अर्जावर सासरचे, असे झाले की पुढे प्रत्येक शाळेत खुलासा द्यावा लागतो. तिसरी आडनावाच्या लिहिण्याची. गोव्यात एकच आडनाव रोमी अक्षरांत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, आणि वडिलांच्या कागदावर एक व मुलाच्या कागदावर दुसरे असे सर्रास आढळते. अर्जावर नाव दाखल्याप्रमाणेच, अक्षरन् अक्षर उतरवावे. दुरुस्ती करायची असेल, तर ती आधी दाखल्यावर करून घ्यावी, कारण बालवाडीच्या नोंदवहीत जे लिहिले जाते तेच पुढे पहिलीच्या नोंदवहीत जाते.

दाखल्याबरोबर लसीकरणाचे कार्ड आणावे. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानची गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा आणि त्रिगुणीची पहिली वर्धक मात्रा यांची नोंद आम्ही पाहतो. मात्रा राहिली असेल तर प्रवेश थांबत नाही, मात्र जूनपूर्वी आरोग्य केंद्रात जाऊन ती घेण्यास आम्ही सांगतो.

भेटीच्या वेळा, आणि त्याच का

प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांच्या भेटीची वेळ मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी साडेनऊ ते साडेदहा ही आहे. एका दिवशी दोनच कुटुंबांना बोलावतो, म्हणून आदल्या दिवशी दुपारी कार्यालयात कळवून नाव लिहून ठेवावे. मुलाला बरोबर आणावे. शनिवारी दहा ते बारा या वेळेत केवळ कागदपत्रे आणि शुल्क यांविषयी बोलता येईल. त्या दिवशी मुले नसतात, आणि म्हणून त्या दिवसाची भेट ही बालवाडी पाहण्याची भेट धरू नये.

नऊ वाजता, मुले येत असताना, किंवा साडेबारा वाजता ती घरी जात असताना भेटू नये अशी विनंती आहे. या दोन्ही वेळी बाई आणि मदतनीस यांचे सगळे लक्ष फाटकाकडे असते: कोण आले, कोण कुणाबरोबर गेले, न्यायला आलेला माणूस नोंदवहीत लिहिलेलाच आहे ना. त्या वेळी त्यांना बोलण्यात गुंतवणे मुलांसाठी धोक्याचे ठरते. जी बालवाडी साडेबाराला तुमच्याशी निवांत गप्पा मारते, तिच्या फाटकाकडे त्या वेळी कोण पाहत आहे, हे जरूर पाहावे.

त्या तासात काय पाहावे

आमचा दिवस नऊ ते साडेबारा असा साडेतीन तासांचा असतो. पालक आत येतात तेव्हा मुक्त खेळाची शेवटची दहा मिनिटे चालू असतात. खोलीत चार कोपरे असतात: ठोकळ्यांचा, भातुकलीचा, चित्रांच्या पुस्तकांचा आणि माती-पाण्याचा. मूल कोणत्या कोपऱ्यात जाईल हे तेच ठरवते. या वेळी आवाज असणारच. वीस तीन-वर्षांची मुले खेळत असताना खोली शांत असेल, तर ती कशामुळे शांत आहे हे विचारावे. मुले मोजावीत आणि मोठी माणसे मोजावीत. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन आणि शिक्षण धोरणात तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक मोठे माणूस हे प्रमाण सांगितले आहे. आमच्याकडे वीस मुलांमागे एक बाई आणि एक मदतनीस असते, कारण एका मुलाला शौचालयात न्यायचे झाले, तर उरलेल्या एकोणीस मुलांजवळ कुणीतरी असावे लागते.

पावणेदहाच्या सुमारास मुले गोलात बसतात आणि गप्पा होतात. इथे बाई किती बोलते आणि मुले किती बोलतात हे ऐकावे. ‘आज घरून येताना काय पाहिले?’ असे विचारून बाई थांबत असेल, अडखळणाऱ्या मुलाला वाक्य पुरे करू देत असेल, तर गप्पा खऱ्या आहेत. सगळी मुले एका सुरात उत्तर देत असतील, तर ते पाठ करून घेतलेले आहे.

त्यानंतरचा अर्धा तास उपक्रमाचा असतो, आणि पालकांचे सगळ्यात जास्त प्रश्न याच अर्ध्या तासाविषयी असतात. ‘अक्षरे केव्हा लिहायला लागणार?’ हा त्यातला पहिला. पहिल्या वर्षात आम्ही पेन्सिल देत नाही. या वयात मनगट आणि बोटे यांचे स्नायू पेन्सिल पेलण्याइतके तयार झालेले नसतात. जबरदस्ती केली तर मूल पेन्सिल मुठीत धरते आणि ती पकड पुढे सोडवणे फार कठीण जाते. त्याऐवजी कणीक मळणे, कागद फाडणे, जाड दोऱ्यात मोठे मणी ओवणे, फरशीवर खडूने हातभर लांब रेघा ओढणे, ओला कपडा पिळणे अशी कामे असतात. ती खेळासारखी दिसतात, आणि त्यांतूनच लिहिणारा हात तयार होतो. दुसऱ्या वर्षी जाड खडू आणि रंगकाम येते; अक्षरे लिहिण्याची सुरुवात तिसऱ्या वर्षी होते.

भिंतीवरची चित्रे पाहावीत. वीस मुलांची वीस फुलपाखरे अगदी सारखी असतील, तर ती बाईंनी काढली आणि मुलांनी फक्त आत रंग भरला, हे समजते. वाकड्यातिकड्या, कशाशी मेळ नसलेल्या रेघा आणि खाली मुलाने सांगितलेले वाक्य बाईंच्या अक्षरात लिहिलेले दिसले, तर ते काम मुलाचे आहे.

अंकांचेही तसेच आहे. पुष्कळ मुले तीन वर्षांची असतानाच वीसपर्यंत घडाघडा म्हणतात आणि पालक ते कौतुकाने ऐकवतात. त्याच मुलाला ‘मला तीन करवंट्या दे’ म्हटले, तर ते ओंजळभर उचलून आणते. अंकांची नावे पाठ होणे आणि एका वस्तूला एक अंक लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या वर्षाचे काम दुसऱ्या गोष्टीचे आहे. आम्ही त्यासाठी घासून गुळगुळीत केलेल्या नारळाच्या करवंट्या वापरतो: प्रत्येक करवंटीत एक पान, प्रत्येक मुलापुढे एक करवंटी. चिंचोके पहिल्या वर्षाच्या मुलांना मुळीच देत नाही, कारण ते नाकात किंवा घशात जातात. काजूच्या अख्ख्या बिया आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी असतात आणि मोजायला सोप्या वाटतात, पण टरफलातील चिकाने कातडी भाजते. त्या कोणत्याच वर्गात आणू नयेत. एखाद्या बालवाडीत असे साहित्य उघड्या परड्यांत दिसले, तर त्याविषयी तिथल्या तिथे विचारावे.

सणांचे उपक्रमही आम्ही याच कामाला जोडतो. चवथीच्या आधीच्या आठवड्यात मुले माटोळीला बांधायच्या वस्तू घरून आणतात: नारळ, सुपारीचा घोस, चिबूड, आंबाडे, तोरिंग. मग मोठे-लहान, खरखरीत-गुळगुळीत, वास येणारे आणि न येणारे असे गट पाडले जातात, नावे सांगितली जातात, आणि शेवटी मदतनीस माटोळी बांधते तेव्हा कोणते फळ कशाशेजारी टांगायचे हे मुले सांगतात. रानातली लाल कवंडळे दिसायला मोहक असली, तरी खाण्याची नसतात, म्हणून ती मुलांच्या हाती येत नाहीत, थेट वरच बांधली जातात. शिगम्याला घुमटाच्या तालावर चालणे, थांबणे, पुन्हा चालणे असा खेळ असतो. ताल थांबताच शरीर थांबवता येणे हे या वयात मोठे कौशल्य आहे.

साडेदहाला खाऊची सुट्टी होते आणि भेटीची वेळ संपते. निघण्यापूर्वी दोन जागा पाहाव्यात. एक म्हणजे शौचालय: आसन मुलाच्या उंचीचे आहे का, फरशी ओली राहते का, आणि दाराला मुलाला आतून लावता येईल अशी कडी तर नाही ना. दुसरी म्हणजे विहीर. आपल्याकडील जुन्या घरांत चालणाऱ्या अनेक बालवाड्यांच्या परसात विहीर असते, आणि नुसता कठडा पुरेसा नसतो. तिच्यावर कुलूप लावलेली लोखंडी जाळी हवी. याशिवाय जूनपासून चार महिने अंगणात पाऊस असतो, तेव्हा त्या काळात मुले धावतात कुठे, हेही विचारावे. आमच्याकडे मागची पडवी पत्र्याने झाकलेली आहे, पण ती चाळीस मुलांना एका वेळी पुरत नाही, म्हणून पावसाळ्यात दोन्ही गट आळीपाळीने बाहेर येतात.

अर्जातील भाषेची ओळ

भेटीनंतर अर्ज दिला जातो. त्यात एक ओळ अशी आहे, जी पालक बहुधा मोकळी सोडतात: ‘मूल घरी कोणती भाषा बोलते, आणि पाणी, भूक, शी, शू यांना कोणते शब्द वापरते?’ ही ओळ भरल्याशिवाय अर्ज घेतला जात नाही. आमचे माध्यम मराठी आहे, पण येणाऱ्या बहुतेक मुलांची घरची भाषा कोकणी आहे, आणि काहींची कन्नड किंवा हिंदी. पहिल्या आठवड्यात घाबरलेले मूल ‘म्हाका उदक जाय’ म्हणते, तेव्हा त्याला ताबडतोब पाणी मिळाले पाहिजे. ‘पाणी म्हण’ असे सांगून त्याला थांबवू नये. कन्नड बोलणारे मूल ‘नीरू’ म्हणाले आणि बाईंना ते कळले नाही, तर ते दोनदा म्हणून गप्प होते आणि नंतर दिवसभर तहानलेले राहते. बाईंच्या टेबलाजवळ वीस मुलांच्या या शब्दांचा कागद लावलेला असतो. मराठी हळूहळू गाण्यांतून आणि गोष्टींतून येते, आणि घरची भाषा न सोडता येते.

मुलाची कोणतीही चाचणी किंवा मुलाखत होत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची चाळणी लावण्यास आणि देणगी घेण्यास मनाई केली आहे, आणि तीन वर्षांच्या मुलाला रंग विचारून नाकारणे आम्हाला कधीच पटलेले नाही. अर्ज २८ फेब्रुवारीपर्यंत घेतले जातील. चाळीस जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर मार्चच्या पहिल्या शनिवारी सर्व पालकांसमोर चिठ्ठ्या काढल्या जातील. वर्षाचे शुल्क, त्यात काय येते आणि काय येत नाही, याचा छापील कागद अर्जासोबतच मिळेल.

पहिला पंधरवडा

प्रवेश झालेल्या मुलांच्या पालकांसाठी भेटीच्या वेळा निराळ्या आहेत. पहिले तीन दिवस आई, वडील किंवा आजी यांपैकी एकाने खोलीतच भिंतीशी बसावे आणि मूल फक्त दीड तास थांबेल. चौथ्या दिवसापासून ते माणूस पडवीत बसेल, आणि दुसऱ्या आठवड्यात फाटकावरूनच निरोप घेईल. निरोप घेताना मुलाला स्पष्ट सांगावे: ‘मी जाते, खाऊ खाऊन, गोष्ट ऐकून झाली की न्यायला येते.’ मूल खेळात रमले असताना गुपचूप निघून जाणे सोपे वाटते, परंतु तसे एकदा झाले, की दुसऱ्या दिवसापासून मूल खेळत नाही, दारावर नजर ठेवून बसते.

रडणे हा काळजीचा विषय नाही. आई गेल्यावर दहा-पंधरा मिनिटे रडून जे मूल खाऊच्या वेळी खाते, ते रुळत आहे. जे मूल रडत नाही, पण तीन आठवड्यांनंतरही खात नाही, बोलत नाही किंवा घरी पुन्हा अंथरूण ओले करू लागते, त्याच्यासाठी पालकांना आम्ही स्वतः बोलावतो आणि त्याचे दीड तासाचे वेळापत्रक पुन्हा सुरू करतो. जुलैपासून दर शुक्रवारी पावणेबारा ते सव्वाबारा या वेळेत कोणत्याही पालकाने न कळवता येऊन गोष्टीच्या वेळी मागे बसावे. जूनमध्ये येताना पिशवीत दोन जोड सुके कपडे आणि ओले ठेवायला एक निराळी पिशवी द्यावी, प्रत्येक कपड्यावर नाव शिवावे, आणि छत्रीऐवजी रेनकोट द्यावा, कारण तीन वर्षांच्या मुलाला छत्री सांभाळत चालता येत नाही.